गोव्यात हॉस्टेल निवडताना बेडच्या भावापलीकडे काय बघायचं

प्रश्न: ताई, मी आणि माझी मैत्रीण ठाण्याहून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार रात्री गोव्याला चाललोय, पहिल्यांदाच हॉस्टेलमध्ये राहणार. तीन शॉर्टलिस्ट केलेत: वागातोरला १० बेडचा मिक्स डॉर्म ५५० रुपये (बाथरूम बाहेर), हणजूणला ६ बेडचा फीमेल एसी डॉर्म ८५० (बाथरूम आत), आणि पाळोळेला ४ बेडचा मिक्स ९००. स्कूटरचं लायसन्स फक्त माझ्याकडे आहे. लॉकर किती सेफ असतात, रिव्ह्यू तर सगळ्यांचे चांगलेच दिसतात, मग ठरवायचं कसं?

उत्तर:

मी स्वतः भरपूर हॉस्टेलांत राहिलेय आणि मध्ये काही सीझन गोव्यातच एका हॉस्टेलच्या डेस्कवर कामही केलंय, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी पैशाचं बोलू, कारण तुम्ही ५५० आणि ८५० बघून तिथेच अडकलाय असं वाटतंय. चार रात्रींचे माणशी २२००, ३४०० आणि ३६०० होतात. यावर ५ टक्के जीएसटी धरा (सप्टेंबर २०२५ च्या आधी १२ होता), ॲपवर पहिल्या स्क्रीनला बरेचदा टॅक्स सोडून भाव दिसतो. म्हणजे २३१०, ३५७० आणि ३७८०. आता खरी भर पडते ती स्कूटरची. वागातोरचं तुमचं ५५० वालं मॅपवर टाकून बघा, एवढ्या भावात ते बीचला लागून असण्याची शक्यता कमीच, आतल्या गल्लीत दोन-अडीच किलोमीटरवर असणार. म्हणजे चारही दिवस स्कूटर लागणार. दिवसाला ४५० धरले तर १८०० आणि पेट्रोलचे ४००, दोघींत वाटून माणशी ११००. हणजूणचं बीचपासून चालत जाण्याइतकं असेल तर स्कूटर दोनच दिवस घ्या, माणशी ५५०. पाळोळेला बीच, खाणं, किराणा सगळं पायी होतं, स्कूटर नाही घेतली तरी चालतं. आता बेरीज करा: ३४१०, ४१२०, ३७८०. जो १२०० चा फरक दिसत होता तो सातशेवर आला, आणि सगळ्यात महाग वाटणारं पाळोळे मधल्या नंबरवर येऊन बसलं. डिसेंबरचा पहिला आठवडा आहे म्हणून हे भाव आहेत, ख्रिसमसनंतर याच बेडचे दुप्पट-तिप्पट होतात, तेव्हा तारीख पुढे ढकलायचा विचार असेल तर गणित नव्यानं करा.

अजून एक. दोघी आहात तर प्रायव्हेट रूमचा भाव पण बघून ठेवा. ८५० चे दोन बेड म्हणजे १७००, आणि हणजूण-वागातोरच्या आत साधी डबल रूम बरेचदा १८०० च्या आसपास मिळते. डॉर्म स्वस्त पडतो तो एकट्या माणसाला, दोघांना फरक फार राहत नाही. पण तुम्हाला लोकांना भेटायचंय, रात्री कॉमन एरियात गप्पा मारायच्यात, तर डॉर्मच घ्या, मी फक्त आकडा दाखवला.

आता डॉर्म. सगळे बेड मोजतात, ४ का ६ का १०. मी बेडपेक्षा बाथरूम मोजते. १० बेडचा डॉर्म आणि बाहेर मजल्यावर दोन टॉयलेट दोन शॉवर, आणि त्याच मजल्यावर अजून एक ८ चा डॉर्म, म्हणजे १८ माणसं दोन शॉवरवर, आणि सकाळी दहा ते अकरा चेकआउटच्या वेळी सगळे एकदम उठतात. उलट ६ बेड आणि आत एक बाथरूम म्हणजे सहा माणसांना एक, हे जमतं. पण आत बाथरूम असण्याचा तोटा पण आहे, तो कोणी सांगत नाही: पहाटे पाचला कोणाची फ्लाइट असेल तर दिवा, फ्लश, गीझरचा आवाज सगळं तुमच्या कानाशी, आणि गोव्याच्या दमट हवेत एक्झॉस्ट नीट नसेल तर अख्ख्या खोलीला ओल्या टॉवेलचा वास. म्हणून फोटोत बाथरूमला खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन दिसतो का ते शोधा, आणि ओले कपडे वाळत घालायला गच्ची किंवा बाल्कनी आहे का तेही. समुद्रावरून आल्यावर चार-सहा जणींचे ओले कपडे बंकच्या दांड्यांवर लटकले की एसी रूमचं काय होतं ते एकदा बघाच.

४ बेडचा डॉर्म छोटा म्हणजे शांत, हे नेहमी खरं नसतं. तुम्ही दोघी आणि दोन अनोळखी, ठीक. पण समोरचे दोघं मित्र असतील आणि रात्री दोनला बोलत आले तर खोलीत तुम्ही दोन विरुद्ध ते दोन, कोण कोणाला गप्प करणार. दहाच्या डॉर्ममध्ये उलट होतं, इतके लोक येत-जात असतात की कोणी कोणाची दखल घेत नाही, पण घोरणारा एक तरी सापडतोच, इअरप्लग नेणं आलं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याला ६ चा डॉर्म बरा. फीमेल डॉर्म घ्या असं मी सरसकट सांगत नाही पण पहिल्या ट्रिपला घ्या, झोप शांत लागते. फक्त विचारून घ्या की बाथरूम आतच आहे ना, आणि बेड रिकामे राहिले तर हा डॉर्म मिक्स करतात का. सीझनला काही ठिकाणी करतात, आणि ते तुम्हाला चेकइनलाच कळतं.

बेडचा फोटो झूम करून बघा. उशीजवळ काय आहे? स्वतःचं सॉकेट, छोटा दिवा, फोन ठेवायला फळी, आणि पडदा, या चार गोष्टी असतील तर डॉर्म विचार करून बनवलाय. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पडलेला दिसला तर रात्री सगळ्यांचे फोन तिथे एका ढिगात चार्ज होणार. पडद्याबद्दल एक सावधगिरी, नॉन-एसी खोलीत पडदा ओढला की खालच्या बंकला पंख्याचा वारा येतच नाही, डिसेंबरात निभतं, मे महिन्यात नाही. वरच्या बंकचा जिना बघा, गोल पातळ नळीचा असेल तर अनवाणी चढताना तळव्याला रुततो, आणि रात्री दोनदा उठणारीनं वर झोपू नये. कठडा गादीच्या वर किती उरतो तेही, काही ठिकाणी जाड गादी टाकल्यामुळे कठडा नावालाच राहतो. दोघी आहात तर बुकिंगच्या रिक्वेस्टमध्ये "एकाच बंकचे वर-खाल" असं लिहा आणि वर एक फोनही करा. रिक्वेस्टचा तो कॉलम डेस्कवर रोज वाचला जातोच असं नाही, फोन केलेला मात्र लक्षात राहतो.

चारही रात्री एकाच बुकिंगमध्ये घ्या. दोन रात्री बुक करून "आवडलं तर वाढवू" हे ऑफ सीझनला उत्तम, डिसेंबरात मात्र बेड दुसऱ्याला गेलेला असतो किंवा खोली बदलावी लागते, मग अकराला सामान बांधून दोन वाजेपर्यंत लॉबीत बसा. फ्री कॅन्सलेशनची शेवटची तारीख मात्र नीट वाचा आणि कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

लॉकर. तीन प्रकार बघायला मिळतात. पहिला खाटेखालचा, ड्रॉवर किंवा जाळीचा पिंजरा. हा सगळ्यात मोठा, ५०-६० लिटरची सॅक आडवी बसते. यात तपासायचं ते मागची बाजू. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि आत हात घाला, काही ठिकाणी पाठीमागे फळीच नसते किंवा वरून गादीची प्लाय उचलली की आत हात जातो, कुलूप कितीही भारी लावा. आणि वरच्या बंकवाल्याचा लॉकरही खालीच असतो, म्हणजे सकाळी सहाला तो तुमच्या उशीशी उकिडवा बसून खुडबुडणार, हे गृहीत धरा. दुसरा उभा लोखंडी कपाटाचा, खोलीत किंवा कॉरिडॉरमध्ये. हा अरुंद असतो, सॅक बसत नाही, छोटी बॅग, लॅपटॉप, पाकीट एवढंच. मग सॅक खोलीत उघडी राहते, त्यामुळे सॅकच्या चेनला वेगळं छोटं कुलूप लागतं. तिसरा कार्डवर किंवा नंबर टाकून उघडणारा. दिसायला छान, पण बॅटरी संपली की अडकतं, आणि मास्टर कोड डेस्ककडे असतो. पहाटे निघायचं असेल तर आदल्या रात्रीच विचारा, रात्री डेस्कवर कोणी असतं का, नाहीतर पाकीट आत आणि तुम्ही बाहेर.

कुलूप घरूनच न्या. हॉस्टेलमध्ये विकत किंवा भाड्यानं मिळतं पण महाग आणि हलकं. आपल्याकडे लोक घराच्या दाराचं जाडजूड कुलूप घेऊन येतात आणि ते कडीच्या भोकात जातच नाही, हे मी डेस्कवर सारखं बघायचे. लॉकरचं भोक बरेचदा सहा-सात मिलिमीटरचंच असतं, म्हणून ४-५ मिमी जाडीची दांडी असलेलं आणि दांडी थोडी लांब असलेलं कुलूप घ्या. दुकानात पट्टी घेऊन जायची गरज नाही, साध्या बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडी जाड आणि पेनपेक्षा बारीक अशी दांडी बघा, बसतं. नंबरचं असलं तर बरं, किल्ली बीचवर वाळूत जाते. दोघींनी दोन वेगळी न्या, एकीचा नंबर दुसरीला माहीत असू दे.

सेफ किती, तर खरं सांगते, कुलूप तोडून चोरी झालेली मी क्वचित ऐकलीय. जातं ते उघड्यावरचं. कॉमन रूममध्ये चार्जिंगला लावलेला फोन, बेडवर राहिलेली पॉवर बँक, दारातली चप्पल, गच्चीवरचे कपडे. आणि सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे चेकआउटनंतरचं सामान. तुमची कोकणकन्या असेल तर ती मडगाव-थिवीहून संध्याकाळी असते, चेकआउट सकाळी अकराला, मधले पाच-सहा तास तुमची सॅक "लगेज रूम"मध्ये. ती खोली बहुतेक ठिकाणी जिन्याखालची उघडी जागा असते, कोणीही जाऊन कोणतीही बॅग उचलू शकतं, आणि डेस्कवरच्या मुलाला सगळ्यांचे चेहरे लक्षात नसतात. तेव्हा त्या दिवशी फोन, पाकीट, आयडी, कॅश पाठीवरच्या छोट्या बॅगेत, आणि सॅकला चेनचं कुलूप.

लोकेशनबद्दल. मॅपवर "बीचपासून ५ मिनिटं" लिहिलेलं असतं ते स्कूटरनं. तुम्ही चालण्याचा पर्याय टाकून बघा, आणि बीचच्या ठिपक्यापर्यंत नाही तर जिथून खरंच खाली उतरता येतं तिथपर्यंत. वागातोरला वर कडा आणि खाली बीच, सरळ रेषेत जवळ दिसतं आणि रस्ता वळसा घालून जातो. दुसरं, हॉस्टेलच्या भोवती पाचशे मीटरमध्ये कोणते क्लब आहेत ते बघा. लाउडस्पीकर रात्री दहानंतर उघड्यावर चालत नाहीत असा नियम आहे, पण वागातोर-हणजूण पट्ट्यातल्या आवाजाच्या तक्रारी थेट हायकोर्टापर्यंत गेल्यात, यावरून काय ते समजा. पार्टीच करायची असेल तर हेच लोकेशन सोन्यासारखं, रात्री चालत परत येता येतं, टॅक्सीचे पैसे वाचतात. झोपायचं असेल तर हेच लोकेशन शिक्षा.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत हे लक्षात ठेवा. टॅक्सी स्थानिक स्टँडची किंवा गोवामाइल्स ॲपवरची, दोन्ही आपल्या मुंबईच्या सवयीला महागच वाटतात. कदंबाच्या आणि खाजगी बसेस स्वस्त, थिवीहून म्हापसा आणि म्हापशाहून हणजूण-वागातोर असं दोन टप्प्यांत आरामात जाता येतं, पण अंधार पडला की बस तुरळक होते. म्हणजे तुमची गाडी रात्री पोचणार असेल तर वागातोरच्या आतल्या गल्लीतलं हॉस्टेल त्या रात्रीपुरतं महागात जातं. सकाळी पोचत असाल तर हा मुद्दा निकाली. पाळोळेला मडगावहून काणकोणची बस पकडायची, तासापेक्षा जास्त लागतो, काणकोणमधल्या चावडीला उतरून पुढे पाळोळेपर्यंत दोन-तीन किलोमीटर. प्रवास एकदाच लांब पडतो, नंतर मात्र काही नाही. स्कूटर घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे आणि पोलीस अडवतात तेव्हा गाडी देणारा फोन उचलत नाही. आणि लायसन्स एकीकडेच आहे म्हणजे रात्री पार्टीनंतर गाडी कोण चालवणार हा प्रश्न आताच मिटवा, म्हणूनसुद्धा मी तुम्हाला चालत जाण्याजोगी जागा सुचवतेय.

रिव्ह्यू. हे डेस्कवरून बघितल्यावर वेगळेच दिसतात. चेकआउटला जो हसत येतो त्याच्यापुढे क्यूआर कोड सरकवला जातो, "जरा पाच स्टार टाका ना, माझं नावही लिहा". त्यामुळे ज्या रिव्ह्यूत दोन ओळी आणि स्टाफमधल्या कोणाचं तरी नाव आहे, तो खोटा नसतो पण त्यातून गादी कशी, बाथरूम कसं हे काहीच कळत नाही. ते सगळे वगळा. गूगल मॅपवर रिव्ह्यू आधी नव्यापासून लावा, मग सगळ्यात कमी स्टारपासून लावा, आणि रिव्ह्यूच्या सर्चमध्ये एकेक शब्द टाका: bedbug, locker, bathroom, smell, music, washroom. पाच मिनिटांचं काम आहे. हॉस्टेलवर्ल्डवर एकूण आकड्याच्या खाली क्लीनलिनेस, सिक्युरिटी, लोकेशन, स्टाफ, ॲटमॉस्फिअर असे वेगळे आकडे असतात. एकूण ८.८ आणि ॲटमॉस्फिअर ९.५ असलं तरी क्लीनलिनेस ७.६ असेल तर मी सोडून देते. मजा कॉमन एरियात होते पण झोपायचं त्याच गादीवर असतं.

एक स्टारवाले वाचताना राग कशाचा आहे ते बघा. "पाहुण्यांना वर येऊ दिलं नाही", "लोकल आयडी म्हणून नाकारलं", "रात्री अकराला कॉमन एरिया बंद केला", असल्या तक्रारी तुमच्या दृष्टीनं कौतुकच आहे. पण तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या महिन्यांत "पाणी नव्हतं" किंवा "अंगावर चट्टे उठले" लिहिलं असेल तर ते खरं समजा, आणि मालकाचं उत्तर वाचा. "खोली बंद करून पेस्ट कंट्रोल केलं" असं उत्तर असेल तर चालेल, "आमच्याकडे असं कधीच होत नाही, तुम्हीच आणले असतील" असेल तर पुढचं हॉस्टेल बघा. महिनाही बघा. जुलैतला रिव्ह्यू ओल आणि बुरशीबद्दल सांगतो, डिसेंबरातला गर्दी आणि आवाजाबद्दल, तुम्हाला गेल्या डिसेंबरचे हवेत. गोव्यात घरं लीजवर असतात, चालवणारे बदलतात, लिस्टिंग तेच राहतं, म्हणून दोन वर्षांपूर्वीचे शंभर चांगले रिव्ह्यू आणि गेल्या तीन महिन्यांत सूर बदललेला दिसला तर नव्यांवर विश्वास ठेवा. फोटोही पाहुण्यांनी टाकलेले बघा, हॉस्टेलचे नाही.

तुमच्या तिन्ही हॉस्टेलांपैकी मी हणजूणचं ६ चं फीमेल घेईन, जर क्लीनलिनेसचा आकडा बरा असेल आणि पाचशे मीटरमध्ये क्लब नसेल तर. चार दिवस निवांत पडून राहायचं, स्कूटरचा विषयच नको, असं असेल तर पाळोळे. वागातोरचं ५५० वालं एकटी मुलगी, हातात स्कूटर आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर, अशीला ठीक आहे, तुम्हाला वाचणारे सातशे रुपये त्या दोन शॉवरच्या रांगेत वसूल होतील.

बुक करायच्या आधी हॉस्टेलला व्हॉट्सॲप करा, त्यातच थेट भावही विचारा, बरेचदा ॲपपेक्षा थोडा कमी मिळतो. मेसेज असा टाका: "आम्ही दोघी, अमुक तारखेपासून चार रात्री, ६ बेड फीमेल. एकाच बंकचे वर-खाल मिळतील का? लॉकरमध्ये ५० लिटरची सॅक बसते का, फोटो पाठवाल? रात्री डेस्कवर कोणी असतं का? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा आणि सॉकेट चालतात का?" फोटो लगेच आला तर जागा नीट चालवली जातेय. "सब है मॅडम, आप आ जाओ" एवढंच आलं तर परत एकदा विचारा, दुसऱ्यांदाही तेच आलं तर सोडा.

आयडी म्हणून आधार, लायसन्स किंवा पासपोर्ट न्या. पॅन चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. पोचल्यावर सॅक बेडवर टाकायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून उशीकडचा गादीचा कोपरा उलटा, शिवणीत आणि प्लायच्या फटीत पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे, तेव्हाच फोटो काढून खोली बदलून मागा. सामान उघडून एक रात्र झोपल्यावर मागितलीत तर डेस्क दुसऱ्या खोलीत पाठवायला कां-कू करतो, कारण तोवर ढेकूण तुमच्या बॅगेतून तिकडे जाणार असतात.